नुसता ‘एक’

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. येणारा प्रत्येक ग्राहक धापा टाकत वर पोचायचा आणि आधी पाणी मागायचा. साहेबांना त्यात काही वावगं दिसत नसे. “लिफ्टची किंमत कळावी म्हणूनच,” ते म्हणायचे.

तिथे मोबाइलवर येणाऱ्या संदेशांना उत्तरं द्यायला एक बाई होत्या. ऑफिसात त्यांना ताई म्हणत. घरी नवरा त्यांना अंतर्यामी म्हणायचा. या नोकरीआधी कितीतरी वर्षं त्या चपलांच्या दुकानात होत्या. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की त्या पायांकडे एक नजर टाकायच्या आणि त्याने तोंड उघडायच्या आत बरोबर मापाचा खोका काढून ठेवायच्या. दुकान बंद पडलं, पण ओळखायची खोड गेली नाही. नवऱ्याने “अगं” एवढंच म्हटलं तरी त्या म्हणायच्या, “चष्मा फ्रिजवर आहे.” बहुतेक वेळा तो फ्रिजवरच असायचा. नसला, तर नवरा वाद घालत बसायचा नाही.

या नोकरीत त्यांना पहिल्याच आठवड्यात एक नवल दिसलं. काही लोक नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ ‘1’ एवढंच पाठवायचे. त्या तर संदेशात कुठली यादी पाठवतच नव्हत्या, मग हा एक कसला?

त्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, “आपल्या फोनवर रेकॉर्ड आहे ना? नवीन लिफ्टसाठी एक दाबा, देखभालीसाठी दोन, बिघाडासाठी तीन. लोक तेच इथे पाठवत असणार.”

“मलाही तेच वाटलं,” ताई म्हणाल्या. खरं तर त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पण ओळखता आलं नाही, असं कबूल करणं त्यांच्या जिवावर यायचं.

त्या दिवसापासून ‘1’ आला की ताई लिहायच्या, ‘नवीन लिफ्टबद्दल चौकशी केल्याबद्दल अभिनंदन. इमारत किती मजली?’ भिंतीवरच्या फळ्यावर चौकश्यांचा आकडा असा फुगला की साहेबांनी फळाच मोठा आणवला. विक्री बघणारा गडी माहितीपुस्तक काखेत मारून गावभर हिंडायचा. त्याला कुणी दाराला तेल घाल म्हणायचं, कुणी आत दिवा लागत नाही म्हणायचं, कुणी तर ‘तो एक आमच्या बाळाने दाबला’ म्हणायचं. तो परत येऊन लिहायचा, ‘ग्राहक विचार करत आहेत.’

मग एक दिवस भर दुपारी दातांच्या एका डॉक्टरांचा ‘1’ आला. त्यांच्या सोसायटीचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे नाव-पत्ता कंपनीकडे होताच. ताईंनी ताबडतोब अभिनंदन करून मजले विचारले. उत्तर आलं, ‘1’.

“एक मजला?” ताई स्वतःशीच म्हणाल्या. असतात हौशी लोक. त्यांनी पुढे विचारलं, ‘एका वेळी किती माणसं?’ उत्तर, ‘1’. ‘रंग? पर्याय एक, रुपेरी. पर्याय दोन, तांबूस.’ उत्तर, ‘1’.

“किती झटपट निर्णय,” साहेब मागे उभे राहून म्हणाले. “शिकलेला माणूस असा असतो.” त्यांनी विक्रीवाल्याला लगेच धाडलं.

डॉक्टर त्या वेळी त्यांच्याच इमारतीत दोन मजल्यांच्या मधोमध लोंबकळत होते. खाली आलेलं औषधाचं पार्सल घेऊन ते वर आपल्या दवाखान्याकडे निघाले आणि लिफ्ट थांबली. धोक्याची घंटा वाजली, पण ती इतक्या वेळा विनाकारण वाजायची, की कुणी मान वर केली नाही. आत मोबाइलला रेंज जेमतेम. फोन लागेना, ताईंचा एकही संदेश पोचेना. समोर कंपनीचाच, फोनवरचे आकडे बदलायच्या आधीचा जुना कागद चिकटवलेला होता: ‘बिघाडासाठी १’. डॉक्टर ‘1’ पाठवत होते, गेला नाही असं वाटून पुन्हा पाठवत होते, आणि ते सगळे रेंज येईल तसे मागाहून एकेक करून ताईंकडे उतरत होते.

विक्रीवाला पोचला तेव्हा जिन्यात एक पेशंट गळ्यात रुमाल बांधून उभा होता. त्याचा अर्धा जबडा बधिर केलेला. तो लिफ्टकडे बोट दाखवून म्हणाला, “थॉक्थर. आथ.”

विक्रीवाल्याने बंद दारापाशी तोंड नेलं. “डॉक्टरसाहेब, नवीन लिफ्टसाठी आलोय. रुपेरी म्हणालात ना?”

आतून डॉक्टर म्हणाले, “आधी मला जुनीतून काढा.”

विक्रीवाल्याने दाराला हात न लावता मेकॅनिकला फोन केला, एवढं मात्र शहाणपण केलं. मेकॅनिकने येऊन वीज बंद केली, लिफ्ट हाताने मजल्याशी आणली आणि दार उघडलं. डॉक्टर घामाने निथळत बाहेर आले आणि आधी पेशंटला म्हणाले, “भूल उतरली का हो?” ती उतरली होती. पेशंट आता स्पष्ट बोलू शकत होता आणि बोललाही.

संध्याकाळी ताई स्वतः डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त लिफ्टमधला कागद दाखवला. ताईंनी तो दोनदा वाचला. घरी नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” त्या म्हणाल्या, “चपलांच्या दुकानात पाय दिसायचे हो. इथे नुसता आकडा दिसतो. पाय कुणाचा, काही कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बैठक घेतली. त्यांचा तोडगा तयार होता: ‘1’ आला की नवीन लिफ्ट, देखभाल आणि बिघाड, तिन्ही खात्यांनी एकदम निघायचं.

“त्यापेक्षा विचारू या की,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलेला मजकूर वाचून दाखवला. ‘नमस्कार. तुमचा “1” मिळाला, पण इथे आम्ही पर्यायांची यादी दिलेली नाही, त्यामुळे तुम्हाला काय हवंय ते कळलं नाही. कुणी लिफ्टमध्ये अडकलं असेल, तर लगेच या नंबरवर फोन करा. फोन लागत नसेल, तर “अडकलो” एवढंच लिहा. नाहीतर दुरुस्ती, देखभाल, नवीन लिफ्ट किंवा दुसरं जे काही असेल ते तुमच्या शब्दांत सांगा.’

साहेबांचा चेहरा पडला. “‘कळलं नाही’ हे कंपनीच्या तोंडी शोभत नाही. ‘आपल्या संकेताचा सखोल अभ्यास सुरू आहे’ असं घाला.”

“अभ्यास होईपर्यंत तो आतच राहणार,” मेकॅनिक म्हणाला.

साहेबांनी डॉक्टरांच्या सोसायटीचा करार डोळ्यांपुढे आणला, आणि ‘कळलं नाही’ राहू दिलं. अडकलेल्याला रेंज नसली, तर उत्तर पोचणारच नाही, हे ताईंनी पुढे मांडलं. तेव्हा असंही ठरलं की लागोपाठ ‘1’ येत राहिले आणि उत्तर वाचलं गेलं नाही, तर त्या इमारतीत फोन करून खात्री करायची. लिफ्टमधले जुने कागद काढायला मेकॅनिकला पाठवलं. विक्रीवाल्याने आपल्या वहीत डॉक्टरांच्या नावापुढे लिहिलं, ‘ग्राहक विचार करत आहेत.’

फळ्यावरच्या चौकश्या भराभर आटल्या. कुणाचं दार घासत होतं, कुणाला पावती हवी होती, कुणी दुसऱ्याच कंपनीचा ‘1’ इकडे पाठवला होता. साहेब फळ्याकडे बघायचं टाळायला लागले.

आठवडाअखेर एका आजींचा ‘1’ आला. ताईंनी ठरलेलं उत्तर पाठवलं. आजींनी लिहिलं, ‘मला वाटलं एक पाठवलं की माणूस बोलतो.’

ताईंनी फोन लावला. आजी म्हणाल्या, “आमच्या लिफ्टमधली ती बाई दिवसभर सांगत असते, दार बंद होत आहे, दार बंद होत आहे. दार उघडंच असतं. तिला कुणीतरी समजवा.”

“मेकॅनिक उद्या सकाळी येईल,” ताई म्हणाल्या. “आणखी काही?”

“थांब, सांगते,” आजी म्हणाल्या, आणि ताई थांबल्या.