पश्चिमेचा एक भूकंप

मी भूकंपाची वाट पाहत होते. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आणि कुठलाही चालणार नव्हता मला. पश्चिमेचाच हवा होता, चांगला सहाच्या वरचा, आणि महिना संपायच्या आत.

लखनौत माझं पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं. फेलोशिप संपलेली, अलीगंजातल्या खोलीत मी आणि माझा लॅपटॉप. प्रबंध लिहून झाला होता, चौथं प्रकरण सोडून. आणि माझं म्हणावं असं तेवढंच एक होतं. बाकी सगळं मेलं दुसऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

लांब कुठे भूकंप झाला की पृथ्वीच्या पोटातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली खडकाला पुढेमागे ढकलत येते आणि आधी पोचते. दुसरी खडकाला आडवं हलवत येते, ती मागे राहते, आणि द्रवातून तर तिला जाताच येत नाही. ठरावीक अंतरापलीकडे ती सरळ पोचतच नाही, त्यावरून तर माणसाला कळलं की आत खोलवर गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेला आहे. माझं काम त्या मानाने उथळ. पहिली लाट खालून वर येताना जिथे खालचा जड खडक संपून वरचं कवच सुरू होतं, तिथे तिचा थोडा भाग दुसऱ्या तऱ्हेचा होतो आणि वर उशिरा पोचतो. आमच्याकडे साधारण पाच सेकंद उशिरा. तेवढ्यावरून सांगता येतं की कवच चाळीसेक किलोमीटर जाड आहे. इतकं खोल भोक कोणी पाडलेलं नाही, पाडणारही नाही.

माझं भूकंपमापक यंत्र लखनौच्या उत्तरेला, हिमालयाच्या पायथ्याशी तराईतल्या एका शाळेच्या बंद खोलीत पुरलेलं होतं. थर सपाट असतील तर हे सगळं हलणं भूकंपाकडून येणाऱ्या रेषेतच दिसतं, तिच्या आडव्या दिशेला शांतता असते. माझ्याकडे आडव्या दिशेलाही हलत होतं. दर भूकंपाला, एकाच बाजूला. याचा अर्थ मी काढला की कवचाचा तळ उत्तरेकडे कललेला आहे. हिमालयाखाली आपला खडक घुसतोच आहे, तेव्हा गणित कसं मस्त जुळलं! मी लखनौतल्याच कपूरथला चौकातून किलोभर मिठाई आणून लॅबमध्ये वाटली. केवढी शहाणी मी.

मग समितीपुढे उभी राहिले. एक म्हातारे प्रोफेसर होते, त्यांनी माझा नकाशा चष्मा वर करून पाहिला. "सब तो पूरब के हैं. जपान, इंडोनेशिया, पॅसिफिक. पश्चिम का एक दिखाइए." खरंच बोलले होते. थर कललेला असेल तर समोरच्या बाजूने आलेल्या लाटेने आडवी सुई उलटीकडे जायला हवी. तेव्हाही ती त्याच बाजूला गेली, तर थर बिचारा सपाट आहे आणि यंत्रच वाकडं बसवलंय, त्याची उत्तर दिशा चुकलीय. यंत्र मी बसवलं होतं.

आदल्या वर्षी पश्चिमेचे दोन येऊन गेले होते. एकाच्या वेळी बॅटरी मेलेली, दुसऱ्याच्या वेळी खोलीत गुडघाभर पाणी. आणि आता महिनाअखेर यंत्र काढून परत द्यायचं होतं, मुदतवाढ नाही म्हणून पत्रच आलेलं. मी रोज उठले की आधी जगभरच्या भूकंपांची यादी बघायचे. दक्षिण अमेरिकेचा एक मोठा आला तेव्हा क्षणभर हरखले. पण तो गाभ्यातून आरपार येणारा, जवळपास उभा खालून वर, त्यात दुसरी तऱ्हा होतेच मुळी नावाला. निकामी. मला तेव्हा कोणी विचारलं असतं, तिथे माणसं मेली का, तर मला माहीत नव्हतं. मी ते पाहिलंच नव्हतं.

आई नागपूरहून फोन करायची. "आला का गं तुझा भूकंप?" मी खेकसायचे, "आई, पोस्टाने येतो का तो?" ती बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची रोज, पण भूकंप मागणं काही तिला जमेना. "तुझं काम होऊ दे, एवढंच म्हणते मी," म्हणायची. मला जमत होतं. मी अगदी मनापासून मागत होते.

महिन्याचे सहा दिवस उरले असताना तो आला. सकाळी चहाच्या टपरीवर भैयाच्या मोबाइलवर बातमी चालू होती, पडलेल्या इमारती, धूळ, एक बाई हाताने विटा उपसत होती. मी जागेचं नाव ऐकलं आणि डोक्यात पहिला हिशेब झाला तो असा: दिशा वायव्य-पश्चिम, अंतर अगदी योग्य, पहिली लाट आठ मिनिटांत आमच्याकडे. चहा तसाच ठेवून मी लॅबची जीप गाठली.

वाटेत एकच धास्ती, बॅटरी. खोली उघडली, दिवा हिरवा होता. डेटा लॅपटॉपवर घेतला, तिथेच जमिनीवर बसून. इतकी स्वच्छ नोंद मी आजवर पाहिली नव्हती. पहिली लाट आली, पाच सेकंदांनी तिचा मागे राहिलेला भाग. मग आडव्या दिशेची नोंद उघडली. उलटी जा, उलटी जा गं बाई, असं मी मोठ्याने म्हणत होते.

ती त्याच बाजूला गेली.

मी मान वर केली तेव्हा समोर शाळेचं लोखंडी कपाट होतं, खड्ड्यापासून दोन हातांवर. होकायंत्र धरायचं बाहेर, उघड्यावर, लोखंडापासून लांब, आणि दिशा दोरीने आत आणायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी यंत्र बसवलं त्या दुपारी बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती. दहा मिनिटांचं तर काम, म्हणून मी आतच होकायंत्र धरलं होतं. आता बाहेर जाऊन पाहिलं, चौदा अंशांचा फरक आला. चौदा अंश त्या कपाटाने खाल्ले होते आणि मी त्यांचा डोंगर केला होता.

दुपारी माझ्या गाइड सरांना फोन केला.  त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, उत्तर अंदर ली थी?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, चौदा अंश फिरवून सगळं पुन्हा कर, प्रबंध होईल, फक्त चौथं प्रकरण राहणार नाही. थर सपाट आहे, आणि तो सपाट असल्याचं आधीच कोणीतरी लिहून ठेवलंय. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आईचा फोन आला. तिने टीव्ही पाहिला होता. आवाज अगदी बारीक. "काय गं, तुला पाहिजे होता तो हा तर नाही ना?"

"हाच," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. आई तिकडून समजूत घालायला लागली, "रडू नको माय, तू थोडीच केलंस ते, किती गं तुला लागतं दुसऱ्याचं." तिला वाटलं, मी त्या माणसांसाठी रडतेय. मी चौथ्या प्रकरणासाठी रडत होते.