पानांवरचे डाग कुणी पाहिले

मिरचीच्या पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीवर आमचं काम चालायचं. शहरातल्या हिमायतनगरसारख्या बड्या वस्तीतून येणाऱ्या मॅडम प्रमुख, मी त्यांची सहायक. बेगम बाजारात मिरची विकत मी एम.एस्सी. केलं होतं. पानाची पारख मला कुणी शिकवावी लागली नाही.

पेपर इंग्रजीत, भांडणं मराठीत. प्रयोग कसा केला, हा भाग मॅडमनी सगळा 'करण्यात आलं'च्या सुरात लिहिला. 'माती निर्जंतुक करण्यात आली.' हे मला मान्य. यंत्राचं बटण कुणीही दाबलं तरी माती तीच. कर्त्याचं तिथे काय काम? पण पुढे होतं, 'डागांना शून्य ते पाच गुण देण्यात आले.'

"कुणी दिले?" मी विचारलं.

"शास्त्रात असंच लिहितात गं."

"डोळे तुमचे आणि माझे होते, मॅडम. डोळे बदलले की गुण बदलतात. 'दोन लेखकांनी दिले' असं लिहा, आणि माझं नाव वर घ्या."

"हा बेगम बाजार समजलीस का, घासाघीस करायला?"

"हौ. माल माझाही आहे."

लेखकांत नाव आलं असतं, तर पीएच.डी.च्या मुलाखतीत मला हातात धरायला काही मिळालं असतं. मॅडम हसल्या. वाक्य तसंच गेलं.

नियतकालिकाकडून पेपर परत आला. परीक्षकानं तेच विचारलं होतं: गुण कुणी दिले? कुठल्या कुंडीवर कुठलं औषध फवारलंय, हे त्यांना ठाऊक होतं का? मग मॅडमनी लिहिलं, 'कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले. मतभेद चर्चेनं मिटवले.' उत्तम वाक्य. फक्त 'लेखक' नाही, 'निरीक्षक'. मी शेवटच्या आभारात गेले, कुंड्यांना पाणी घालणाऱ्या माळ्याच्या नावाशेजारी. त्याच दिवशी भांडून नोकरी सोडली.

आता काचीगुड्यात माझं ऑफिस आहे. लोकांचे प्रबंध तपासते आणि दर एका पैशानंही उतरवत नाही. 'द्रावण गाळण्यात आलं' तसंच ठेवते. 'खराब नमुने वगळण्यात आले' दिसलं की समासात लिहिते: कुणी? कशावरून? परवा एक पोरगी कुरकुरली, "सगळे असंच लिहितात, मॅम." तिला मी नको तेवढं झापलं.

मॅडम गेल्या. मी शेवटचं भेटायलाही गेले नव्हते, आणि राग अजून आहे. पण आमच्या कुंड्या असायच्या त्या जाळीघरातला ओलसर उकाडा आठवतो. चष्मा केसांत खोचून त्या पान उन्हाकडे धरायच्या. गुण आपापल्या कागदावर लिहून झाले की आम्ही ते समोरासमोर ठेवायचो.

"दोन."

"तीन, मॅडम. कडा बघा."

"अडीच घे, बाई."

"आपल्या पट्टीत अडीच नाही."

"हट्टी आहेस," म्हणत त्या पान पुन्हा उलटून बघायच्या.

ऑफिसच्या खिडकीत मी मिरचीचं एक रोप ठेवलंय. काल त्याच्या खालच्या पानावर डाग दिसला. उन्हाकडे धरून पाहिला. तीन. मग उगाच पानाची मागची बाजू पाहत बसले, कुणीतरी 'दोन' म्हणेल म्हणून.