डावा हात खोटं बोलतो

माझ्या डाव्या हाताला नाडी लागत नाही, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच माझं मनगट धरून बघतात. बघा बाबा, खुशाल बघा.

लग्नानंतर मी नाशिकहून म्हैसूरला आले, चामराजपुरमच्या सासरी. वय सव्वीस. वेणी घालताना डावा हात अर्ध्यातच भरून यायचा, अंगात कणकण, मान दुखायची, वजन उतरलेलं. ऑफिसच्या तपासणीत पट्टा डाव्या हाताला बांधला आणि म्हणाले, "बीपी लो आहे, मीठ खा." झालं! सासूबाईंनी लिंबू-मीठ-पाण्याचा रतीबच लावला. डोकं ठणकायचं, तर आणखी एक ग्लास.

सरस्वतीपुरमच्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र दोन्ही मनगटं एकदम धरली. डावीकडे काहीच लागेना. मग दोन्ही हातांना पट्टा बांधला: डावीकडे चौऱ्याऐंशी, उजवीकडे एकशे अडुसष्ट. म्हणजे माझं बीपी लो नव्हतंच, चांगलं चढलेलं होतं आणि मी वर मीठ पीत होते! स्कॅनमध्ये कळलं, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज होती. डाव्या हाताची वाहिनी जवळजवळ बंद, मूत्रपिंडाकडे जाणारी एक अरुंद, म्हणून प्रेशर. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, आणि ते बहुधा तरुण बायकांत, हे ऐकून माझा भयंकर संताप झाला. करायचं काय त्या संतापाचं, तेवढं कुणी सांगितलं नाही.

स्टिरॉइड सुरू झालं. तोंड पुरीसारखं फुगलं, भूक राक्षसाची, झोप नाही. सोबत प्रतिकारशक्ती दाबायला आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी. हळूहळू रक्ताचे रिपोर्ट सुधारले, स्टिरॉइड अगदी कमी झालं. नाडी काही परत आली नाही. जिथे वण धरलाय तिथे औषध पोचत नाही, डॉक्टर म्हणाल्या.

मग मला मूल हवंसं झालं. फार हवंसं झालं, रस्त्यात कुणाचं दिसलं तरी वळून वळून बघायचे. मेथोट्रेक्सेटवर असताना गरोदर राहणं चालत नाही, म्हणून ती बंद करून त्याच कामाची अझाथायोप्रीन दिली, प्रेशरची गोळी बदलली. काही महिने आजार शांत आहे ना ते बघितलं, आणि मग परवानगी मिळाली.

दिवस गेले आणि घरात युद्ध पेटलं. सासूबाई जुन्या म्हैसूरकर मराठी; अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड. "अय्यो, पोटात बाळ आणि शक्ती मारायची गोळी? बेडा, बेडा! नको ती, बंद कर." मी म्हटलं, "आई, ते डॉक्टरांना विचारा, मला नको." तर गेल्या की माझ्याबरोबर! डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ही गोळी बाळ पोटात असतानाही चालते. बंद केली आणि सूज परत उठली, तर धोका दोघांना. बाळाला रक्त हिच्याच वाहिन्यांतून जातं ना?" दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या खाण्यानंतर गोळी सासूबाईंच्याच हातून मिळू लागली, आणि उजव्या हाताला पट्टाही त्याच बांधू लागल्या.

आठवा सरताना एका दुपारी डोकं फुटायला लागलं. घरच्या मशीनवर एकशे बहात्तर. नवरा बंगळूरला गेलेला. आम्ही दोघी इस्पितळात. नेहमीच्या डॉक्टर यायच्या होत्या, नवीन नर्सने जवळचा म्हणून डावाच हात धरला. "ब्याण्णव. काही नाही, जरा आराम करा." माझी जीभ जड झालेली. तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "आ कै बेडा! तो हात खोटं बोलतो! ई कै नोडी, उजवा बघ!" नर्स समजावायला लागली, तर त्यांनी स्वतःच पट्टा सोडला. उजवीकडे एकशे ऐंशी. मग एकदम धावपळ, फिट येऊ नये म्हणून इंजेक्शन, प्रेशर उतरवायचं औषध, आणि तासाभरात सिझेरियन.

मुलगी झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत, म्हणून सगळे तिकडे बाळांच्या खोलीच्या काचेपाशी पळाले. बंगळूरहून धावत आलेला बापही तिकडेच. मी डोळे उघडले तर पलंगाशी फक्त सासूबाई.

"आई, तुम्ही बाळ बघितलं नाही?"

"बघीन की. ती पळून जाते काय? सगळे तिलाच बघतायत," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "तुझी मी एकटीच आहे इथे."