गप्प बसलेला चॅट

अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरच्या वेळखाऊ चाचण्या रोज रात्री आपोआप चालायच्या आणि सकाळी निकाल टीमच्या चॅटवर यायचा. आमच्या लीडला रोजच्या त्या मेसेजचा कंटाळा आला. त्याने फर्मान काढलं, "नापास झालं तरच कळवा. चॅट गप्प, म्हणजे सगळं ठीक." मी कडाकडा भांडलो. त्याने ऐकलं नाही.

मग चॅट रोजच गप्प राहायला लागलं. आम्ही खुशाल नवी आवृत्ती दिली आणि गिऱ्हाइकाच्या गोदामाचा सगळा हिशोब कोसळला. बातमी आली तसा लीडने कीबोर्ड उचलला आणि टेस्टिंग बघणाऱ्या मुलीच्या तोंडावर फेकला. तिची भुवई फुटली. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. मागून कुणीतरी गुजरातीत ओरडलं, "शांती राख ने, भाई!" मी कसली शांती राखतोय!

तिने एका हाताने रुमाल भुवईवर दाबला आणि दुसऱ्या हाताने सर्व्हरची नोंद उघडली. चाचण्या रोज रात्री नापास होत होत्या. पण चॅटवर मेसेज टाकायला लागणारी किल्लीच, म्हणजे पासवर्डासारखा कोड, मुदत संपून बाद झाली होती, त्यामुळे एकही मेसेज पोचला नव्हता. तिने नवी किल्ली घातली आणि आदल्या रात्रीचा निकाल पुन्हा पाठवला.

लीडच्या खिशात फोन वाजला. त्याची कॉलर अजून माझ्याच मुठीत होती.

"काढ," मी म्हणालो, "आणि मोठ्याने वाच."