दहा पोरांमागे एक

साठच्या दशकात सांगलीला मी शाळेत पीटीचा मास्तर होतो आणि उन्हाळी सुटीत आमच्या व्यायाम मंडळाचं पोहण्याचं शिबिर चालवायचो. एका वर्षी गावातल्या साप्ताहिकाने नदीच्या घाटावरचा फोटो छापायचं कबूल केलं. फोटोखालचा मजकूर मी लिहायचा होता.

तेवढ्यासाठी माझा जीव तीन दिवस टांगणीला! आठ ते अकरा वर्षं, सकाळी सहा ते सात. बारा ते पंधरा, सात ते आठ. फी तीन रुपये. नवशिक्याच्या पाठीला सुका भोपळा, गळ्याच्या वर पाणी नाही, दहा पोरांमागे एक पट्टीचा पोहणारा. संपादक म्हणाले, "मास्तर, जागा नाही, ते पोहणाऱ्याचं उडवा." मी भडकलो. "फी उडवा हवी तर! आईबाप त्या एका ओळीवर पोर पाठवतात." संपादक हसले आणि सगळंच छापलं.

पोहणारे दोनच मिळाले, म्हणून एका वेळी वीस पोरं घ्यायची ठरली. गुडघा गेल्यामुळे मी काठावर शिट्टी घेऊन उभा. पहिल्या दिवशी पायाखाली निखारे असल्यासारखा येरझाऱ्या घालत होतो.

लहान पोरं पाण्यात उतरली, तेवढ्यात इस्लामपूरकडची एक बाई जवळ आली. तिचा मुलगा पाण्यात होता. हातात साप्ताहिकाचं कात्रण.

"आवं मास्तर, ह्यात दहाला एक लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय की. वीस पोरं, दोन पोहणारे."

"एकवीस हायती. दोनदा मोजली म्या."

मी फटकारलं, "बाई, पावत्या वीसच फाडल्यात!" आणि तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकविसावी माझी मुलगी. नऊ वर्षांची. घरच्या पोरीला कसली पावती आणि कसली मोजणी! छापताना मी एवढा भांडलो, आणि मोजताना फक्त फी मोजली. मी पाण्यातल्या पोरीकडे बोट केलं.

बाई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमचीच हाय. पर माझंबी एकच हाय वो."

मी शिट्टी फुंकली. पोरीला बाहेर बोलावलं. आदल्या रात्री ती भोपळा उशाशी घेऊन झोपलेली. पाच मिनिटंही पाण्यात झाली नव्हती. दोरीची गाठ भिजून घट्ट बसलेली, माझ्या बोटांना सुटेना. ती रडलीही नाही.

गाठ सुटल्यावर तिनं विचारलं, "बाबा, आपण तीन रुपये दिले असते तर मला मोजलं असतंत का?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो," म्हणालो.