स्थळ उघडत नाही

लातूरला एका काकांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र. पुढच्या खोलीत बस्ता, मागच्या खोलीत स्थळ, असा सोयीचा मामला. त्या केंद्राचं मोबाइल अ‍ॅप आम्ही केलं होतं. आम्ही म्हणजे नांदेडमधले दोघं: मी आणि विष्णुपुरीला कॉलेजात माझ्याच वर्गात असलेला माझा पार्टनर. फोनवर दिसतं ते सगळं माझ्याकडे; माहिती साठवणारा आणि पाठवणारा सर्व्हर त्याच्याकडे.

अ‍ॅप सुरू झालं आणि काही महिन्यांनी काकांचे फोन सुरू झाले. ‘‘मॅडम, चक्र नुसतं फिरायलंय,’’ ते म्हणायचे. माहिती येईपर्यंत पडद्यावर जे गोल फिरतं, ते. मी नांदेडमध्ये अ‍ॅप उघडून दोन-चार स्थळं पाहायचे, सगळं झटक्यात दिसायचं. मग मी काकांना नेट तपासायला सांगायचे. काकांनी ते फार मनावर घेतलं. आधी वायफायचा डबा गल्ल्यावरून कपाटावर नेला, मग कपाटावरून देव्हाऱ्यात. तरी चक्र थांबेना, तेव्हा ते पाहुण्यांना गच्चीवर न्यायला लागले. काकूंनी मला स्वतः फोन करून सांगितलं की भर उन्हात गच्चीवर चहा पोचवणं आता त्यांच्याच्यानं होणार नाही.

सर्व्हरच्या आतल्या नोंदी पाहता आल्या असत्या तर घरबसल्या उलगडा झाला असता. पण सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, पार्टनरकडे, आणि पार्टनर घरच्यांना घेऊन माहूरला देवीला गेलेला. फोन लागत नव्हता. शेवटी मी लॅपटॉप आणि केबल पिशवीत टाकून एसटीत बसले.

मी पोचले तेव्हा मागच्या खोलीत अहमदपूरच्या एक बाई मुलाला घेऊन बसल्या होत्या. मुलाचं बी-बियाणांचं दुकान होतं. एका मुलीचा फोटो यादीत पाहून त्यांना तिची पूर्ण माहिती हवी होती. दाबलं की चक्र. आठवडाभर मायलेक दाबत होते. बाईंचा निष्कर्ष तयार होता.

‘‘पोरीकडच्यांनीच बंद करून ठिवलंय,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘काहीतरी लपवायचं असल्याबिगर कोण असं करतंय?’’

मी काकांच्या फोनवर तपासणीसाठी बांधलेली अ‍ॅपची प्रत टाकली, फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि नेटवर्क इन्स्पेक्टर उघडला. अ‍ॅप सर्व्हरकडे जे जे मागतं, त्याची एकेक ओळ तिथे उमटते: काय मागितलं, काय उत्तर आलं, किती वेळ लागला. काका, बाई आणि मुलगा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काकूही चहा घेऊन आल्या त्या तिथेच थांबल्या.

आधी दुसऱ्या एका मुलीचं स्थळ उघडलं. ओळ आली, दोनशे आकडा, म्हणजे सगळं ठीक. माहिती क्षणात दिसली. म्हणजे नेटचा काही दोष नव्हता. वायफायचा डबा देव्हाऱ्यातून काढायला हरकत नाही, असं मी काकूंना सांगितलं. मग बाईंना हवं असलेलं ते स्थळ दाबलं. ओळ आली ती लालभडक, पाचशेची. उत्तर लगेच आलं होतं, पण ते माहितीचं नव्हतं. सर्व्हर आतल्या आत कोलमडला होता आणि तसं कळवून मोकळा झाला होता. फोनवर मात्र चक्र फिरतच होतं. चक्र माझ्या हद्दीतलं. माहिती नीट आली की ते थांबवायचं, एवढंच मी लिहिलं होतं. चूक आली तर काय, हे लिहिलंच नव्हतं. त्यामुळे ते बिचारं प्रलयापर्यंत फिरलं असतं.

‘‘पाचशे म्हंजे काय?’’ बाईंनी विचारलं.

‘‘म्हणजे सर्व्हरला ते जमलं नाही.’’

‘‘पोरीत न्हाई ना काही?’’

‘नाही,’ असं म्हणत मी त्या लाल ओळीवर क्लिक केलं. सर्व्हरचे अंतर्गत निरोप बंद करायचं पार्टनरकडून राहूनच गेलं होतं, म्हणून कारणही लिहून आलं होतं. इंग्रजीत ‘वेळ अवैध’ आणि पुढे शुद्ध मराठीत, ‘गुरं घरी यायच्या टायमाला.’

मग उलगडा झाला. जन्मवेळेच्या जागी कुणालाही काहीही लिहिता यावं, हा काकांचा आग्रह होता, कारण लोक सकाळ-संध्याकाळ लिहितात. मुलीच्या वडिलांनी खरं ते लिहिलं होतं. स्थळ उघडलं की सर्व्हर जन्मवेळेवरून पत्रिका मांडायला घ्यायचा, आणि गुरं नेमकी किती वाजता घरी येतात हे न कळल्यानं सगळं स्थळच टाकून द्यायचा.

काकांनी तिथल्या तिथे मुलीच्या वडिलांना फोन लावला. संध्याकाळचे सहा लिहू का, असं विचारलं. पलीकडून आवाज आला, ‘‘खोटं कसं लिवता? घड्याळ बंद होतं आमचं. गुरं आली एवढं पक्कं.’’

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. माणसं सरळ दिसतात, असं त्या मुलाला हळूच म्हणाल्या.

एवढ्यात काकांनी ‘जुळणारी स्थळं’ दाबायला सांगितलं, कारण तिथलंही चक्र थांबत नव्हतं. त्या ओळीपुढे नुसतं ‘प्रलंबित’. आम्ही पाहत बसलो. चहा संपला. मिनिटभराने तीही लाल झाली: पाचशे चार. सर्व्हर प्रत्येक स्थळाशी गुण त्याच वेळी जुळवत बसायचा, आणि त्याच्या पुढ्यात निरोपांची ने-आण करणारा जो दारवानासारखा प्रोग्रॅम असतो, त्याचा धीर संपून तो उत्तराची वाट पाहणं सोडून द्यायचा. सुरुवातीला स्थळं मूठभर होती तेव्हा हे खपून गेलं होतं. काका म्हणाले, आमचे गुरुजीही इतका वेळ घेत नाहीत.

दुपारी पार्टनर गड उतरला आणि त्याचा फोन लागला. लॅपटॉप तो देवीच्या दारातही सोडत नाही. मी सांगितलं की वेळ कळली नाही तर पत्रिका सोडून बाकीचं तरी पाठव, आणि गुण आधीच जुळवून ठेव. त्याने पहिलं काम भक्तनिवासात बसून केलं, दुसरं परतल्यावर करतो म्हणाला. पुन्हा दाबलं, दोनशे. मुलीचं शिक्षण, नोकरी, घरची माणसं, सगळं पडद्यावर आलं. मुलगा इतका पुढे वाकला की काकूंनी त्याला खुर्ची दिली.

पुढे मायलेक मुलगी पाहायला गेले. तिने नकार दिला. बियाणांच्या दुकानात बसायचं नाही, असं सरळ सांगितलं म्हणे. बाई मात्र कौतुकच करत होत्या. मुलीचे वडील वेगळ्याच कारणाने हैराण झाले होते. कित्येक महिने एकही विचारणा नाही म्हणून त्यांनी पोरीच्या नावाने शनिवार धरले होते, आणि आता दिवसभर फोन थांबत नव्हता.

चूक आली किंवा उत्तराला फार वेळ लागला तर चक्र थांबवून निरोप दाखवायचा, हे काम मी नांदेडला परतल्यावर केलं. निरोप लिहिला, ‘तांत्रिक दोष आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ काकांनी तो तासाभरात परत पाठवला. मुलीच्या फोटोखाली दोष हा शब्द लातूरमध्ये चालणार नाही, असं त्यांनी बजावलं. ‘अडचण’ही नको, ‘त्रुटी’ तर मुळीच नको. आमची बराच वेळ हुज्जत झाली. अखेर काकांनी काकूंना विचारलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं अ‍ॅपमध्ये गेलं: ‘घोटाळा आमच्याकडं हाय, पोरीकडं न्हाई. जरा दमानं परत दाबा.’