सिमेंटनं भरलेल्या चार खाचा

आमच्या गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाचं काम निघालं तेव्हा मी तिथं मजुरीला होते. सुटलेले दगड उतरवायचे, धुवायचे आणि होते तिथंच परत बसवायचे. उतरवताना दगडावर आकडा घालावा लागतो. बायांमध्ये चौथी शिकलेली मी एकटी, म्हणून रंगाचा डबा माझ्याकडं आला. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून लाज. आकडे घालायला बोलावं लागत नाही.

माझे सासरे तिथं फुटलेल्या दगडांच्या जागी नवे दगड घडवायला होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक उघडा थर दाखवला.

"पोरी, ह्यात चुना न्हाय की माती न्हाय. मग उभं कसं?"

मी वाकून सांध्यात बघितलं.

"तळ सपाट घडवला की वजनानं दगड बसतो. पण वजन खाली दाबतं. आडवा सरकायला लागला तर धरणार कोण?"

शेजारशेजारच्या दोन दगडांत मिळून एक डमरू कोरलेला होता, अर्धा या दगडात, अर्धा त्या दगडात. त्यात त्याच आकाराची लोखंडी पट्टी बसवायची. पट्टीची टोकं रुंद आणि कंबर बारीक, त्यामुळं दगड दूर व्हायला लागले की टोक खाचेत अडकतं. पट्टीभोवती वितळलेलं शिसं ओततात, म्हणजे ती हलत नाही आणि पाणी आत शिरत नाही. जिथं पाणी शिरलं होतं तिथं जुनं लोखंड गंजून फुगलं होतं आणि त्यानं दगडच फोडला होता. म्हणून आता न गंजणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या आल्या होत्या. वरचा थर चढला की हे सगळं झाकून जातं.

छज्ज्याचे दगड बसवायच्या दिवशी मामा जेवायला गेले होते. छज्ज्याचा दगड भिंतीबाहेर डोकावतो, म्हणून त्याला मागच्या दगडाशी पट्टीनं बांधतात. शिशाची भट्टी धड पेटेना आणि इंजिनिअर मॅडम आठवड्याभरात काम तपासायला येणार म्हणून मुकादमाला घाई. त्यानं चार खाचांत पट्टी न घालता नुसतं सिमेंट भरलं आणि वरचा थर चढवायला लावला. मी तिथंच कुंचला धुवत होते. बघितलं आणि गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी वरचा दगड पहारीनं सारताना छज्ज्याचा दगड दोन बोटं पुढं आला. खाली टेकू होते म्हणून कुणाला लागलं नाही. मुकादमानं सगळ्यांसमोर मामांना बोलावलं.

"तळ वाकडा घडवलास. डोळं गेल्यात तुझं. घरी बसून नातवंडं सांभाळ."

वयानं तो माझ्या नवऱ्याएवढा. मामांनी छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या आणि गेले. घरी दोन दिवस ते स्वतःचीच नखं बघत बसले. "खरंच तळ वाकडा झाला असंल का गं?" एवढंच एकदा विचारलं.

तेव्हाच सांगितलं असतं तर मुकादमाला एक थर काढावा लागला असता. मला तेवढ्यानं भागणार नव्हतं. दगड मागं ढकलून त्यानं अजून दोन थर चढवले. मी रोज पाट्या वाहिल्या आणि त्या चार दगडांच्या आकड्याशेजारी एकेक लाल ठिपका ठेवला. टेकू जागेवर आहेत ना, हे मात्र रोज बघत होते.

मॅडम आल्या. ठिपक्यांपाशी थांबल्या. "हे कशाचे?"

"बाईच्या हातून रंग सांडला," मुकादम म्हणाला. "शिकलेली हाय म्हणं, चौथी." माणसं हसली.

"सांडला न्हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "खाली पट्टी न्हाय. सिमेंट हाय."

"काढा," मॅडम म्हणाल्या.

मुकादमाच्याच माणसांनी चेनकप्पी लावून तीन थर उतरवले. दुपार गेली. सरकलेल्या दगडामागचा सिमेंटचा डमरू बरोबर कंबरेत तुटलेला, बाकीच्या तिघांनाही तिथंच चीर. मॅडमनी छज्ज्याचा दगड उलटा करून तळावर मापाची सरळ पट्टी उभी ठेवली. खालून उजेड दिसला नाही, तळ सपाट होता.

"कुणी घडवला हा?"

"माझ्या सासऱ्यांनी. त्यांना हाकललंय."

मामांना बोलावणं गेलं. ते आले, वाकून खाचा बघितल्या.

"ज्यानं भरल्या त्यानंच कोराव्या," ते म्हणाले. "काठ मोडला तर नवा दगड. मी बसतो हितं."

मॅडम हो म्हणाल्या. मुकादम उन्हात गुडघ्यांवर बसून छिन्नी चालवू लागला. मामा सावलीत बसले आणि मधूनच "हळू, हळू" म्हणत होते. मी चुरा भरायला पाटी धरून समोर उभी होते. अशी उभी राहून एखाद्याकडं बघायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी नजर खाली घातली नाही.

"वहिनी, जरा पाणी," तो म्हणाला.

तांब्या माझ्या पायाशी होता. मी तो उचलून आधी मामांना दिला. मामा सावकाश प्याले. मग तांब्या परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, "अजून तीन ऱ्हायल्यात."